खंबा किती दिवस पुरतो?

आपल्याकडे तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी, कुठल्याही बाटलीचं लेबल वाचा. ब्रँड बदलतो, चित्रातले घोडे आणि हरणं बदलतात, पण एक आकडा सहसा बदलत नाही: ४२.८ टक्के. ४० नाही, ४५ नाही, मधलाच काहीतरी. इंग्रजांच्या जुन्या मोजणीत ५७.१ टक्के अल्कोहोल असलेल्या दारूला शंभर प्रूफ म्हणत. त्याचे पंचाहत्तर टक्के काढले की ४२.८ येतात. म्हणून काही लेबलांवर अजून ‘७५ प्रूफ’ किंवा ‘२५ यू.पी.’, म्हणजे प्रूफपेक्षा पंचवीस अंश खाली, असं छापलेलं दिसतं. इंग्रज गेले, त्यांचं प्रूफही त्यांच्याच देशात मागे पडलं, आपल्या बाटलीवर मात्र ते ठाण मांडून बसलं आहे.

मी सायन्स कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. मोजपात्रं धुणं, भरणं आणि मुलांनी फोडल्यावर नोंदवहीत लिहिणं यात आयुष्य गेलं. त्यामुळे आकडा दिसला की गणित करायची खोड लागली आहे. या ४२.८ चं गणित केलं तेव्हा मजा वाटली. स्मॉल पेग म्हणजे ३० मिली. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १३ मिली. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्याचा एक मिली ०.७९ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे एका स्मॉलमध्ये अल्कोहोल जवळजवळ बरोबर दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दारूच्या सवयीची चाचपणी करायला जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात ‘एक ड्रिंक’ म्हणजे दहा ग्रॅम धरलं आहे. ऑस्ट्रेलियाचंही दहाच. ब्रिटनचं एक युनिट आठ ग्रॅमचं, अमेरिकेचं ड्रिंक चौदा ग्रॅमचं. न्यू जर्सीतल्या पुतण्याने ‘इकडे डॉक्टर दिवसाला एक चालेल म्हणतात’ असं सांगितलं तर त्याचा ‘एक’ आपल्या दीड स्मॉलएवढा असतो, हे लक्षात ठेवावं. आपल्याला मात्र फार डोकं चालवावं लागत नाही. आपला स्मॉल हेच आयतं प्रमाण आहे.

एवढं हाताशी आलं की बाकीची पेयं याच मापात आणता येतात. जेवढे मिली असतील त्यांना टक्क्यांनी गुणायचं, शंभराने भागायचं. आलं शुद्ध अल्कोहोल. त्याला तेराने भागायचं. आले स्मॉल पेग. बस.

आता बिअर घ्या. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची. माइल्ड असेल तर अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत. म्हणजे साडेबत्तीस मिली अल्कोहोल, म्हणजे अडीच स्मॉल. स्ट्राँग असेल तर लेबलवर ‘आठ टक्क्यांहून जास्त नाही’ अशा अर्थाची ओळ असते. आठ धरले तर बावन्न मिली, म्हणजे पूर्ण चार स्मॉल, दोन लार्ज. हा हिशेब मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यातल्या निम्म्यांनी तरी मला वेड्यात काढलं. कारण आपल्या समाजात बिअर ही दारूत मोजायची नाही असा ठराव पूर्वीच झालेला आहे. ‘मी पीत नाही हो, कधीतरी बिअर’ हे वाक्य लग्न जमवायच्या बैठकीतही चालून जातं. उन्हाळ्यात दोन स्ट्राँग संपवणाऱ्याने आठ स्मॉल घेतलेले असतात. क्वार्टर घेणाऱ्याने सहा. पण कोपऱ्यातल्या क्वार्टरवाल्याकडे बघून नाक मुरडणारा हाच बिअरवाला असतो.

वाइनचं आमच्या नाशिकला विशेष. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे आणि वायनरी झाल्यापासून इथल्या बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारात वाइनची बाटली दिसू लागली. आमच्या सोसायटीत काही घरांत तर ती ‘हृदयाला चांगली’ या खात्यात जमा होते. तेरा टक्क्यांची वाइन असली की गणित फारच सोपं होतं. तेराने गुणायचं आणि तेरानेच भागायचं, त्यामुळे शंभर मिली वाइन म्हणजे एक स्मॉल. दीडशे मिलीचा ग्लास म्हणजे दीड. अख्खी बाटली म्हणजे साडेसात. नवरा-बायकोनं रविवारी दुपारी मिळून एक बाटली संपवली तर प्रत्येकी पावणेचार स्मॉल झाले. पण त्या घरात ‘आज पावणेचार पेग झाले’ असं कुणी म्हणणार नाही. ‘जेवताना थोडी वाइन घेतली’ एवढंच.

गोव्यात एप्रिलमध्ये गेलं की उर्राक मिळतो. काजूच्या रसाची पहिली वाफ. फेणीच्या ४२.८ च्या तुलनेत हा पंधरा टक्क्यांच्या आसपासचा, म्हणून लोक त्याला सरबतासारखा वागवतात. लिंबू, मिरची, सोडा घालून मोठा ग्लास. त्यात उर्राक दोनशे मिली गेला असेल तर सव्वादोन स्मॉलहून थोडं जास्तच झालं, तेही तहान भागवायच्या वेगाने. हे केवळ जाता जाता. आपला मुद्दा घरातल्या ग्लासाचा आहे.

माझे भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, बँकेतून निवृत्त झाले. माणूस शिस्तीचा. शुक्रवार आणि शनिवार, संध्याकाळी साडेसातला, दोन पेग, बरोबर शेंगदाणे आणि काकडी. बाकी वारी बाटलीला हात नाही. एकटेच घेतात, मित्रमंडळी घरी बोलवत नाहीत. मागे रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वर आले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? भावोजींनी सांगितलं, आठवड्याला चार पेग. डॉक्टरांनी लिहून घेतलं. माणूस खोटं बोलत नव्हता. डॉक्टरांनी चार स्मॉल धरले असतील तर त्यांच्या हिशेबी ते आठवड्याला चाळीस ग्रॅम अल्कोहोल झालं. भावोजींच्या मनात पेग म्हणजे लार्जच, साठ मिली, तेव्हा त्यांच्या हिशेबी ऐंशी ग्रॅम. इथपर्यंतचा फरक नुसत्या बोलण्यातला आहे, एक प्रश्न जास्त विचारला की मिटतो. ‘तीसचा की साठचा?’ हा प्रश्न बारमधला वेटर न चुकता विचारतो. दवाखान्यात तो विचारला जातोच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. ताईला बाटली आणल्याची तारीख लेबलवर पेनने लिहायची सवय. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहितात त्याच चालीवर. भांडण-बिंडण काही नाही. खंबा ७५० मिलीचा. साठ-साठचे साडेबारा पेग व्हायला हवेत. आठवड्याला चार, म्हणजे बाटली तीन आठवडे जायला हवी आणि तळाशी घोटभर उरायला हवी. ताईच्या तारखा बघितल्या तर बाटली दोन आठवड्यांत संपत होती. दर वेळी. दोन आठवडे म्हणजे आठ पेग. ७५० भागिले आठ: जवळजवळ ९४ मिली.

भावोजींचा लार्ज ९४ मिलीचा होता. तीन स्मॉलपेक्षा थोडा मोठाच. आठवड्याचे चार पेग म्हणजे ३७५ मिली, अर्धा खंबा, साडेबारा स्मॉल, सव्वाशे ग्रॅम अल्कोहोल. डॉक्टरांच्या कागदावर चाळीस, प्रत्यक्षात सव्वाशे. तिप्पट.

‘अरे, मी काय आज घ्यायला लागलोय? चाळीस वर्षं बघतोय साठ म्हणजे किती,’ भावोजी म्हणाले.

‘बघताय, पण मोजत नाही ना,’ ताई म्हणाली. ‘बँकेत नोटा अशाच बघून घ्यायचात का?’

हे बघण्याचं प्रकरण समजून घ्यायला मी त्यांच्या कपाटातला ग्लास मागितला. जाड तळाचा, रुंद, हातात वजन देणारा, जाहिरातीत असतो तसा. मुलाने पगार सुरू झाल्यावर आणलेला सेट. आत पट्टी धरली तर तोंडाशी आणि तळाशी फारसा फरक नाही, व्यास सात सेंटिमीटर. अशा ग्लासात एक सेंटिमीटर उंचीला साडेअडतीस मिली बसतात. म्हणजे साठ मिली ओतले की ते दीड सेंटिमीटरच्या जरा वर दिसतात. बस एवढेच. तळाला फक्त ओल आल्यासारखं वाटतं. कुठलाही स्वाभिमानी माणूस एवढ्यावर बाटली सरळ करणार नाही.

त्याआधी भावोजी ज्या ग्लासात घ्यायचे तो स्वयंपाकघरातला साधा काचेचा ग्लास होता, उभट, आतून पाच सेंटिमीटरचा. त्यात एका सेंटिमीटरला साधारण वीसच मिली बसतात, म्हणून साठ मिली तीन सेंटिमीटर चढतात. दोन बोटं आडवी धरली की साडेतीन सेंटिमीटर होतात. म्हणजे ‘दोन बोटं’ हे जुनं माप त्या ग्लासात फारसं चुकत नव्हतं, सत्तरच्या आतच राहत होतं. तीच दोन बोटं नव्या ग्लासाला लावली तर १३५ मिली होतात. बोटं तीच, माणूस तोच, व्यास फक्त दोन सेंटिमीटरने वाढला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पाचाचे पंचवीस, साताचे एकोणपन्नास, जवळजवळ दुप्पट. डोळ्याला वर्ग करता येत नाही. डोळा उंची बघतो.

लहान मुलांवरचा पियाजेचा प्रयोग बी.एड.वाल्यांना पाठ असतो. बुटक्या भांड्यातलं पाणी मुलासमोरच उंच भांड्यात ओतलं की मूल म्हणतं, पाणी वाढलं. सात-आठ वर्षांनंतर हे जातं असं पुस्तकात आहे. पूर्ण जात नाही असं माझं मत. प्रश्न विचारला तर मोठा माणूस बरोबर उत्तर देतो, पण ओतताना हाताला प्रश्न विचारलेला नसतो.

मी एका रविवारी ताईकडे चहाचं कोरं पाणी आणि मोजपात्र घेऊन बसलो. भावोजी, शेजारचे दोघे, ताई स्वतः आणि ताईचा मुलगा, सगळ्यांना सांगितलं की वेगवेगळ्या ग्लासांत आपापल्या अंदाजाने लार्ज ओता. उभट ग्लासात बहुतेकांचं पासष्ट ते पंचाहत्तरच्या दरम्यान आलं. रुंद ग्लासात नव्वदच्या खाली एकच जण होता, ताई, जी घेतच नाही. स्टीलच्या पेल्यात तर कुणाचा कुणाला मेळ नाही, कारण आत बघावं लागतं आणि कडा चमकते. शेजारच्यांपैकी एक मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये पूर्वी काम केलेले होते. त्यांचाही रुंद ग्लासात अंदाज वर गेला. ते म्हणाले, ‘आम्ही डोळ्याने कधी मोजलंच नाही हो. तिकडे पेगमेजर असतं, त्यावर वजनमापेवाल्यांचा शिक्का असतो, आणि मालक रात्री बाटली बघतो.’

बारमध्ये साठ म्हणजे साठच का आणि घरी का नाही, याचं उत्तर या एका वाक्यात आलं असं मला वाटतं. तिथे दोन बाजूंनी पहारा असतो. मालकाला जास्त गेलेलं चालत नाही आणि गिऱ्हाइकाला कमी आलेलं चालत नाही. दोघांच्या संशयाच्या मधे ते स्टीलचं माप उभं असतं. घरी दोन्ही बाजू एकाच माणसाच्या. त्यात पाहुणे असतील तर हात आणखी सैल होतो. यजमानाने पाहुण्याला मोजून साठ मिली दिले तर ‘काय चिंगूस माणूस आहे’ अशी नोंद कायमची होते. जेवायला वाढताना आग्रह करायचा हे आपल्या रक्तातच आहे, ते बाटली हातात घेतल्यावर कुठे जाणार?

सोड्याचंही एक आहे. बारमध्ये पेग आधी येतो, सोडा नंतर, त्यामुळे मूळ माल नजरेसमोर असतो. घरी बर्फ, पेग, सोडा, पाणी सगळं एका हाताने पडतं. मोठ्या ग्लासात सोडा जास्त बसतो, चव पातळ लागते, मग ‘जरा कडक कर’ म्हणून वरून थोडी पडते. आणि ग्लास रिकामा व्हायच्या आतच भरायची पद्धत असेल तर मोजणं संपलंच. अर्धा ग्लास असताना वर ओतलेला पेग तिसरा की दुसऱ्याचाच उरलेला भाग, हे ठरवायला कुणी पंच नसतो. संध्याकाळी किती झाले असं विचारल्यावर माणूस ग्लास आठवतो, आणि ग्लास तर एकच होता.

अमेरिकेत विल्यम केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला. त्यांनी लोकांच्या घरी मोजपात्रं पाठवली, नेहमीसारखं ओता आणि मग ते मोजून सांगा असं फोनवर सांगितलं. २००५ साली ते निष्कर्ष छापून आले. बिअरचं सरासरी माप त्यांच्या प्रमाणाच्या जवळपास, खरं तर किंचित खालीच निघालं. वाइनचं थोडं वर. आणि व्हिस्की-व्होडका गटाचं जवळजवळ दीडपट. हा क्रम बघितला की कारण आपोआप कळतं. बिअर ज्यात भरलेली येते त्यातूनच प्यायली जाते, कॅन किंवा छोटी बाटली हेच माप. वाइन ग्लासात ओतावी लागते. आणि कडक दारू ओतताना थोडासा हात हलला तरी फरक मोठा पडतो, कारण प्रत्येक मिलीत अल्कोहोल जास्त. बिअर वीस मिली जास्त पडली तर अल्कोहोल एक मिली वाढतं. व्हिस्की वीस मिली जास्त पडली तर साडेआठ मिली.

वाइनच्या ग्लासाचं तर विचारूच नका. केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या वाइनच्या ग्लासांची १७०० पासूनची मापं गोळा केली, संग्रहालयांतून, लिलावांतून, कारखान्यांच्या कॅटलॉगांतून. १७०० च्या सुमाराला ग्लासात सरासरी ६६ मिली मावत. २०१७ पर्यंत ते ४४९ मिलीवर गेलं होतं. सातपट. आता ४५० मिलीच्या फुग्यात दीडशे मिली वाइन ओतली तर ती एक तृतीयांशच दिसते. वाइन जाणणारे सांगतात की तेवढीच ओतायची असते, वरची जागा वासासाठी. पण आपल्या सोसायटीत वासासाठी जागा सोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ग्लास निम्मा भरला की मगच वाढल्यासारखं वाटतं, आणि निम्मा म्हणजे सव्वादोनशे मिली, म्हणजे सव्वादोन स्मॉल. असे दोन ग्लास घेतलेली बाई खरेपणाने ‘दोनच ग्लास’ म्हणते आणि तिच्या पोटात साडेचार स्मॉल असतात.

या फरकाची झळ सर्वांत आधी लागते ती गाडी चालवताना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने दहा ग्रॅम घेतलं तर ढोबळ मानाने वीस मिलिग्रॅमच्या आसपास पातळी चढते, आणि तासाला पंधराच्या आसपास उतरते. पोटात अन्न असेल तर चढणं मंद होतं, वजन कमी असेल तर जास्त चढतं, बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी म्हणून तेवढ्याच दारूत तिची पातळी पुरुषापेक्षा वर जाते. म्हणजे हा काही भिंतीवर टांगायचा तक्ता नाही. पण ढोबळ हिशेबातही एक खरा लार्जच मर्यादेच्या पलीकडे नेऊ शकतो. भावोजींच्या ९४ मिलीत तर बत्तीस ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल होतं. एका पेगनंतर साठच्या पुढे आकडा जाण्याइतकं. ‘एकच घेतलाय, चालवतो मी’ म्हणणारा माणूस कायद्याच्या दुप्पट असू शकतो, तेही प्रामाणिकपणे. भावोजी प्यायल्यावर कुठे जात नाहीत हे त्यांचं नशीब.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती जरा टोचणारी आहे. आपल्याकडे सगळ्यात काटेकोर मोजून पिणारा माणूस कोण? तर देशीच्या दुकानासमोर उभा राहून नव्वदची बाटली घेणारा. त्याची बाटली कारखान्यात मोजून भरलेली असते. नव्वद म्हणजे तीन स्मॉल, क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा स्मॉल. तो किती प्यायला हे त्याला माहीत असतं, दुकानदाराला माहीत असतं, घरी बायकोलाही रिकाम्या बाटलीवरून कळतं. त्याचं पिणं कमी आहे असं मी म्हणत नाही, सहा स्मॉल म्हणजे साठ ग्रॅम, रोजचे झाले तर यकृताची वाट लागतेच. पण त्याला आकडा ठाऊक असतो. दोघांनी एक क्वार्टर वाटून घेतली तर प्रत्येकी तीन, वाद नाही. उलट दिवाणखान्यात काचेचं कपाट असलेला, खंबा आणणारा, रुंद ग्लासवाला सुशिक्षित माणूस आपण दोनच घेतो असं आयुष्यभर समजत राहतो. खंबा लिटरमागे स्वस्त पडतो, पण बाटलीचं माप असण्याचा फायदा त्यात जातो.

म्हणून घरात मोजायचंच असेल तर ग्लास मोजण्यात अर्थ नाही, बाटली मोजावी. एकटा पिणारा असेल तर ताईसारखी तारीख पुरते: खंब्यातून साठचे बारा पेग निघतात, आपले किती निघाले ते बघायचं आणि ७५० ला तेवढ्याने भागायचं. दहा निघाले तर पंचाहत्तरचा पेग, आठ निघाले तर चौऱ्याण्णवचा, सहा निघाले तर सव्वाशेचा. घरात दोन-चार जण घेणारे असतील किंवा पाहुणे येत असतील तर ही युक्ती चालत नाही, सगळा हिशेब एकमेकांत मिसळतो. तिथे पेगमेजरच हवं. डमरूसारखं दोन्हीकडून वापरायचं स्टीलचं मिळतं, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला साठ. तेही घेताना एकदा पाण्याने तपासावं, कारण काही मापं काठोकाठ भरल्यावर साठ होतात आणि काहींच्या आत खाली रेघ असते. रेघवालं काठापर्यंत भरलं तर पुन्हा पाच-दहा मिली वर जातात. हाताशी मोजपात्र नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लॅस्टिकचं टोपण चालतं, त्यावर मिलीच्या रेघा असतात.

भावोजींना मी असं एक डमरू आणून दिलं. डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाताना ताईने तारखांचा कागद बरोबर नेला. डॉक्टरांनी तो वाचून चारच्या जागी साडेबारा लिहिलं आणि सध्या पूर्ण बंद करायला सांगितलं. तीन महिने बंद होती, आकडे खाली आले, मग आठवड्याला एक दिवस, दोन लार्ज, मोजून, एवढी परवानगी मिळाली. हिशेबाने खंबा सहा आठवडे जायला हवा. परवा ताईकडे गेलो तेव्हा कपाटात रिकामी बाटली होती, तिच्यावर तारीख होती. मी मोजली. पाच आठवडे. म्हणजे दहा पेग, पंचाहत्तरचे.

‘भावोजी, डमरू वापरता ना?’

‘वापरतो की. साठ मोजूनच घेतो,’ ते म्हणाले. ‘मग वरून एक धार.’